मध्य दिसतो, पण मोजला का?

मोबाइलवर बिल भरलं की पडद्याच्या मधोमध एक लहानसं कार्ड उमटतं: पैसे जमा झाले, पावती इथे पाहा. डावी-उजवीकडे सारखी मोकळी जागा, वर-खालीही सारखी. आज हे कार्ड मधोमध बसवायला सीएसएसच्या तीन ओळी पुरतात आणि वेबपानं बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला त्या लवकरच तोंडपाठ होतात. पण ओळी लिहिल्या, पान उघडलं आणि कार्ड मध्यात दिसलं, एवढ्यानं काम झालं असं धरून चालत नाही. कधी ते फक्त आपल्या स्क्रीनच्या मापावर मध्यात असतं. कधी ते मध्यात असतं खरं, पण त्या तीन ओळींमुळे नव्हे, दुसऱ्याच कशामुळे. नजरेला हे सगळे प्रकार सारखेच दिसतात. त्यांतला फरक मोजल्यावर कळतो, आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ लावता आला तरच कळतो.

अडचण उंचीची होती

वेबपानात काय आहे ते एचटीएमएल सांगतं: हा मथळा, हा परिच्छेद, हे बटण. ते कसं दिसावं, कुठे बसावं, हे सीएसएस सांगतं. सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. एखादी गोष्ट आडवी मध्यात आणणं तेव्हापासूनच सोपं होतं. रुंदी ठरवून दोन्ही बाजूंचा समास `auto` ठेवला की झालं. उभं मध्यात आणणं मात्र पुढची अनेक वर्षं डोकेदुखी ठरलं.

याचं कारण पानाच्या घडणीतच आहे. पानाला रुंदी मिळते ती खिडकीकडून. खिडकी जेवढी रुंद, तेवढं पान रुंद. उंची मात्र मजकुराकडून येते. दोन ओळी असतील तर चौकट दोन ओळींइतकी उंच, वीस असतील तर वीस ओळींइतकी. म्हणजे आडव्या दिशेनं मोकळी जागा आपोआप उरते, उभ्या दिशेनं ती उरतच नाही. आणि मोकळी जागाच नसेल, तर मध्य कशाचा काढायचा?

त्यामुळे लोक आडवाटेनं जात. कुणी मजकूर तक्त्याच्या खान्यात घालून खान्याचं उभं मध्यस्थान वापरी. कुणी कार्ड वरून ५० टक्के खाली ढकलून मग त्याच्या उंचीच्या निम्म्यानं परत वर ओढी. त्यासाठी कार्डाची उंची आधीच माहीत असावी लागे, आणि मजकुराची एक ओळ वाढली की सगळं गणित चुके. फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ साली आला, मध्ये त्याची लिहिण्याची पद्धत बदलली आणि २०१२ साली तो आजच्या रूपात स्थिरावला. आता चौकटीला एवढंच सांगावं लागतं:

```css
.chaukat {
  display: flex;
  justify-content: center;
  align-items: center;
}
```

पहिल्या ओळीनं चौकट फ्लेक्स होते, म्हणजे आतल्या वस्तूंची मांडणी ती स्वतः हाती घेते. नेहमीच्या मांडणीत वस्तू एका आडव्या ओळीत लागतात. `justify-content` ही त्या ओळीच्या दिशेनं उरलेल्या जागेची वाटणी करते, आणि `align-items` ओळीला काटकोनात असलेल्या दिशेची. `flex-direction: column` लिहिलं तर ओळ उभी होते आणि दोन्ही सूचनांच्या दिशांची अदलाबदल होते. दोन्हीकडे `center` असेल तर याचा त्रास होत नाही. दोनपैकी एकच लिहिली असेल, तर मात्र आडवा मध्य मागावा आणि उभा मिळावा, असं घडतं.

इथला कळीचा शब्द आहे ‘उरलेली जागा’. ब्राउझर मध्यबिंदू शोधून त्यावर कार्ड ठेवत नाही. चौकटीच्या मापातून कार्डाचं माप वजा करतो, जे उरेल त्याचे दोन सारखे भाग करतो आणि एकेक भाग दोन्ही बाजूंना देतो. पुढची सगळी तपासणी या वजाबाकीवर उभी आहे.

मोजायचं कसं

एक ठरावीक उदाहरण घेऊ. चौकट ६०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच. आत एकच कार्ड, २४० बाय १२०. चौकटीला किनार नाही, आतला समास नाही, कार्डालाही बाहेरचा समास नाही. मग आडवी उरलेली जागा ३६०, म्हणजे दोन्ही बाजूंना १८०. उभी उरलेली जागा २८०, म्हणजे वर १४० आणि खाली १४०. हे आकडे पान उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवावेत. आधी लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहणं ही तपासणी. नुसतं आकडे वाचून ‘ठीक दिसतात’ म्हणणं हे पुन्हा नजरेवरच विसंबणं झालं.

आता पान ब्राउझरात उघडायचं आणि डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलवर हे चालवायचं:

```js
const p = document.querySelector('.chaukat')
  .getBoundingClientRect();
const c = document.querySelector('.kard')
  .getBoundingClientRect();
console.log(c.left - p.left, p.right - c.right);
console.log(c.top - p.top, p.bottom - c.bottom);
```

`getBoundingClientRect` एखाद्या घटकाच्या चारही कडा खिडकीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते सांगतं. पहिल्या ओळीत डावं आणि उजवं अंतर येतं, दुसरीत वरचं आणि खालचं. आपल्या उदाहरणात १८० १८० आणि १४० १४० यायला हवेत. चौकट ६०१ पिक्सेलची असेल तर १८०.५ आणि १८०.५ येईल. ब्राउझर अपूर्णांकातही हिशेब ठेवतो. म्हणून दोन अंतरांत एका पिक्सेलपेक्षा कमी फरक पडला तर तो दोष धरू नये. त्याहून जास्त फरकाला मात्र काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं.

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण समास असतं. समजा कार्डाला कुठून तरी डावीकडे २० पिक्सेलचा बाहेरचा समास मिळाला. ब्राउझर वाटणी करतो ती समासासकट. कार्ड २४० अधिक समास २० म्हणजे २६०, उरले ३४०, वाट्याला १७० आणि १७०. पण डावीकडच्या १७० मध्ये समासाचे २० मिळतात, म्हणून मोजमापात १९० आणि १७० दिसतं. कार्ड १० पिक्सेल उजवीकडे सरकलेलं आहे, आणि फ्लेक्सबॉक्सनं आपलं काम चोख केलेलं आहे. चौकटीच्या आतल्या समासाचंही असंच होतं. वर ४० पिक्सेलचा आतला समास असेल आणि चौकटीची एकूण उंची ४०० च राहिली असेल, तर वाटणीला उरतात ३६०. त्यातून कार्डाचे १२० गेले, उरले २४०, दोन्हीकडे १२०. बाहेरच्या कडेपासून मोजलं तर वर १६० आणि खाली १२०. इथे आपल्याला कुठला मध्य हवा आहे हे आधी ठरवावं लागतं. वर मथळ्यासाठी जागा सोडून उरलेल्या भागाचा मध्य हवा असेल, तर १६० आणि १२० हेच बरोबर उत्तर आहे.

सारखे आकडे, तरीही फसगत

आता तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. वरच्या उदाहरणात चौकटीला उंची दिली होती. ती काढून टाका. चौकट लगेच कार्डाइतकीच, म्हणजे १२० पिक्सेल उंच होते. पुन्हा मोजा: आडवं १८० १८०, उभं ० ०. दोन्ही जोड्या सारख्या आहेत. ‘अंतरं सारखी आहेत का’ एवढंच विचारणारी तपासणी इथे पास होईल. पण पानावर कार्ड वरच्या कडेला चिकटलेलं दिसेल, कारण चौकटच वर आहे आणि तिच्यात वाटायला काही उरलेलंच नाही. ० आणि ० सारखे असण्याला अर्थ नाही, जसा एकच धावपटू असलेल्या शर्यतीत पहिला नंबर येण्याला नाही. `align-items: center` काढून टाकली तरी आकडे ० आणि ०च राहतील. म्हणजे त्या ओळीची परीक्षा झालीच नाही.

‘फ्लेक्सबॉक्सनं आडवं मध्यात येतं, उभं येत नाही’ अशी तक्रार नवशिक्यांकडून येते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. नियम चुकलेला नसतो, उंची दिलेली नसते. कुणी `height: 100%` लिहून पाहतं आणि तरीही काही होत नाही. टक्के कशाचे, हे ब्राउझरला कळावं लागतं. चौकटीच्या बाहेरच्या घटकाची उंची मजकुरावरच अवलंबून असेल, तर त्या १०० टक्क्यांना आधार उरत नाही आणि चौकट पुन्हा मजकुराइतकीच होते.

दुसरी फसगत याच्या उलट टोकाला आहे. चौकटीला `height: 400px` अशी पक्की उंची दिली आणि कार्डातला मजकूर वाढून कार्ड ५२० पिक्सेल उंच झालं, तर वजाबाकी उणे १२० येते. ब्राउझर तिचीही वाटणी करतो. कार्ड वरून ६० आणि खालून ६० पिक्सेल बाहेर येतं. कन्सोलवर -६० आणि -६० दिसतात, तेही सारखेच. वाचणाऱ्याला मात्र याचा खराखुरा त्रास होतो. ही चौकट स्वतः स्क्रोल होणारी असेल, तर खालचे ६० पिक्सेल स्क्रोल करून गाठता येतात. वरचे ६० कधीच गाठता येत नाहीत, कारण स्क्रोल सुरुवातीच्या कडेच्या मागे जात नाही. फॉर्मचा मथळा आणि पहिली ओळ कायमची कापली जाते. लहान फोनवर किंवा अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या ज्येष्ठांच्या पडद्यावर हे घडतं, आणि पान बनवणाऱ्याच्या मोठ्या मॉनिटरवर कधीच दिसत नाही.

दोन्हींवर उपाय एकच आणि साधा: पक्की उंची न देता किमान उंची द्यायची.

```css
.chaukat {
  display: flex;
  justify-content: center;
  align-items: center;
  min-height: 400px;
}
```

मजकूर कमी असेल तर चौकट ४०० ची राहते आणि वाटायला जागा उरते. मजकूर जास्त झाला तर चौकटच वाढते आणि काही कापलं जात नाही. उंची पक्कीच ठेवणं भाग असेल, तर `align-items: safe center` लिहावं. जागा पुरली तर मध्य, न पुरली तर वरच्या कडेपासून सुरुवात, असा त्याचा अर्थ. आतल्या कार्डाला `margin: auto` दिल्यानंही हेच साधतं, कारण असा समास उरलेली जागाच घेतो, तूट वाटून घेत नाही.

म्हणून कन्सोलवरच्या जोडीकडे पाहताना आधी तिचं चिन्ह पाहावं. दोन्ही आकडे अधिक आणि सारखे असतील तर मध्य खरा. दोन्ही शून्य असतील तर परीक्षा झालेली नाही, जागा देऊन पुन्हा मोजावं. दोन्ही उणे असतील तर कार्ड बाहेर सांडलेलं आहे.

हे त्याच ओळींमुळे झालं का?

कार्ड खरोखर मध्यात आहे हे कळलं. पण ते या नियमामुळे आहे का? समजा आधी कुणीतरी चौकटीला वरून १४० पिक्सेलचा आतला समास देऊन ठेवला होता आणि उंची नेमकी ४०० होती. १२० चं कार्ड `align-items` ची ओळ नसतानाही आपोआपच मध्यात येईल. उद्या कार्ड १८० चं झालं की वर १४० आणि खाली ८०.

याची शहानिशा डेव्हलपर टूल्समध्ये चटकन होते. चौकटीवर राइट-क्लिक करून Inspect निवडलं की Styles च्या पट्टीत तिचे सगळे नियम दिसतात आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन असतो. `align-items` पुढची खूण काढा. कार्डाची उंची ठरवून दिलेली नसेल, तर ते वरपासून खालपर्यंत ताणलं जाईल. दिलेली असेल, तर ते वरच्या कडेला जाईल. खूण परत लावली की मध्यात येईल. ओळ काढल्यावर काहीच हललं नाही, तर मध्य दुसऱ्याच कशामुळे आहे किंवा वाटायला जागा नाही. मग `justify-content` पुढची खूण काढून आडव्या दिशेची अशीच परीक्षा घ्यावी. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण त्यांच्या ओळी वेगळ्या आहेत आणि अडचणीही.

याच पट्टीत आणखी दोन गोष्टी कळतात. नाव चुकून `align-item` असं लिहिलं असेल, तर ब्राउझर ते मुकाट्यानं सोडून देतो. पानावर कुठलीही सूचना येत नाही, पण Styles मध्ये ती ओळ खोडलेली दिसते आणि शेजारी इशाऱ्याची खूण असते. ओळ बरोबर असूनही खोडलेली असेल, तर दुसऱ्या एखाद्या जास्त वजनदार नियमानं तिला मागे टाकलेलं असतं. दुसरी गोष्ट नात्याची. फ्लेक्स चौकट फक्त आपल्या थेट आतल्या घटकांची मांडणी करते. चौकट आणि कार्ड यांच्या मध्ये आणखी एखादा पूर्ण रुंदीचा डबा असेल, तर मध्यात येतो तो डबा. कार्ड त्याच्या आत डावीकडेच राहतं. मोजमापात आडवं ० ३६० असं काही आलं, तर आधी कार्डाचा थेट वरचा घटक कोण आहे ते पाहावं. आणि चौकटीत थेट दोन कार्डं असतील, तर आडव्या दिशेनं त्या दोघांचा मिळून गट मध्यात येतो, एकटं कुठलंच येत नाही.

शेवटी माप बदलून पाहायचं. खिडकी अरुंद करा, कार्डात दोन शब्दांऐवजी दोन परिच्छेद घाला, ब्राउझरचा झूम २०० टक्के करा, आणि प्रत्येक वेळी त्याच चार अंतरांचं मोजमाप घ्या. आकडे बदलतील आणि बदलायलाच हवेत. जोड्या सारख्या राहिल्या तर नियम काम करतो आहे. एकाच मापावर सारखे येणारे आकडे योगायोगही असू शकतात.

पूर्ण पडद्याचा मध्य

लॉगिनचं कार्ड चौकटीच्या नव्हे, तर सबंध पडद्याच्या मध्यात हवं असतं. त्यासाठी `body` लाच फ्लेक्स करून `min-height: 100vh` देतात. `100vh` म्हणजे पाहण्याच्या जागेची पूर्ण उंची. पण ब्राउझर `body` ला स्वतःहून चारही बाजूंनी ८ पिक्सेलचा समास देतो. त्यामुळे पान पडद्यापेक्षा १६ पिक्सेल लांब होतं, विनाकारण स्क्रोलपट्टी येते आणि कार्ड पडद्याच्या मध्यापेक्षा ८ पिक्सेल खाली बसतं. `body` च्या कडांशी मोजलं तर अंतरं सारखीच येतील. म्हणून इथे `window.innerHeight` शी मोजावं, म्हणजे हे ८ पिक्सेल उघडे पडतात. `margin: 0` लिहिलं की प्रश्न मिटतो.

फोनवर आणखी एक अडचण येते. तिथे पत्त्याची पट्टी स्क्रोल करताना लपते आणि परत येते. `100vh` ही उंची पट्टी लपलेली असतानाची धरतात. त्यामुळे पान उघडताच, पट्टी दिसत असताना, कार्ड दिसणाऱ्या भागाच्या मध्यापेक्षा खाली असतं. त्यासाठी `100dvh` हे माप आहे. ते त्या क्षणी दिसणाऱ्या उंचीप्रमाणे बदलतं आणि २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत चालतं. संगणकावर फोनचा नुसता आकार घेऊन तपासलं तर ही पट्टी नसते, म्हणून ही एक तपासणी खऱ्या फोनवरच करावी.

आकडे बरोबर, अक्षरं खाली

मराठी पानं बनवणाऱ्यांना शेवटचा एक प्रश्न हमखास भेटतो. बटणातला शब्द फ्लेक्सनं मध्यात आणला, चारही अंतरं जुळली, तरीही शब्द किंचित वर किंवा खाली वाटतो. इथे ब्राउझर मध्यात आणतो तो मजकुराच्या ओळीचा डबा, अक्षरांची शाई नव्हे. त्या डब्यात अक्षराच्या वर आणि खाली किती जागा धरायची हे फॉन्टमध्ये ठरलेलं असतं. देवनागरी फॉन्टला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी, तर खाली उकार आणि ऋकारासाठी जागा राखावी लागते. ‘परत’ या शब्दात यांपैकी काहीच नाही, त्यामुळे राखलेली जागा रिकामी राहते. ‘सुरू’ खाली उतरतो, ‘कीर्ती’ वर चढतो. तिन्हींचा डबा तोच, डोळ्याला दिसणारा मध्य वेगळा.

याला फ्लेक्सबॉक्सकडे उत्तर नाही, कारण त्याला डबाच दिसतो. आपल्या फॉन्टमध्ये अक्षरं सातत्यानं एका बाजूला झुकत असतील, तर बटणाच्या वरच्या किंवा खालच्या आतल्या समासात एखाद-दुसरा पिक्सेल कमी-जास्त करावा. तो ठरवताना एकच शब्द पाहू नये. उकाराचा, मात्रेचा आणि दोन्ही नसलेला असे निदान तीन शब्द तरी घालून पाहावेत, आणि तिघांना मिळून जे चांगलं दिसेल ते ठेवावं. फॉन्ट बदलला की हे पुन्हा करावं लागतं. वाचणाऱ्याच्या फोनवर आपला फॉन्ट उतरला नाही आणि दुसराच वापरला गेला, तरीही माप बदलतं. म्हणून ही दुरुस्ती एक-दोन पिक्सेलच्या आतच ठेवणं शहाणपणाचं.

हा फेरफार करण्याआधी मात्र चार अंतरांचं मोजमाप झालेलं असलं पाहिजे. डबा मध्यात आहे हे पक्कं माहीत असेल तरच अक्षरांचा झुकाव फॉन्टचा आहे असं म्हणता येतं. नाहीतर कुठूनतरी आलेला २० पिक्सेलचा समास फॉन्टच्या माथी मारला जातो, त्यावर उलटा समास चढवला जातो, आणि पुढच्या फॉन्टबरोबर दोन्ही चुका एकदम बाहेर येतात.